शंकरपाळीत मैद्याऐवजी गव्हाचं पीठ किंवा बेसन: वजन तेवढंच घेऊनही का बिघडते आणि कुठे तपासायचं

दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकच तक्रार घरोघरी ऐकू येते. मैदा नको म्हणून शंकरपाळीत तेवढ्याच वजनाचं गव्हाचं पीठ घातलं, चवीला थोडं बेसनही घातलं, आणि घाणा बिघडला. हाताशी मोजायला काही असावं म्हणून खाली सगळीकडे एकच प्रमाण धरलं आहे: मैदा ५०० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, दूध १२५ मिली आणि चिमूटभर मीठ. पाचशेला तीन सव्वाशे, म्हणजे लक्षातही राहतं. दूध, तूप, साखर एकत्र कोमट करून साखर विरघळवायची, गार करायचं आणि त्यात पीठ घालून घट्ट मळायचं. मैद्याची शंकरपाळी या मापाने बिनबोभाट होते. पीठ बदललं की हेच माप बिघडतं.

आधी लक्षणं ओळखा

गव्हाच्या पिठाची चूक आणि बेसनाची चूक वेगवेगळी दिसते. त्यामुळे पहिल्या नजरेतच अर्धं निदान होतं.

- गोळा कोरडा, लाटताना कडा चिरतात, तळल्यावर दाताला कडक लागते: गव्हाच्या पिठाला दूध कमी पडलं आहे, किंवा ते मुरायला वेळ मिळालेला नाही.
- गोळा मऊ आणि लवचिक, लाटलेली पोळी मागे आखडते, शंकरपाळी वातड होते: दूध जास्त झालं आहे आणि पीठ चपातीच्या कणकेसारखं मळलं आहे.
- तळताना रंग छान आला, पण दुसऱ्या दिवशी मऊ पडली: आतलं पाणी गेलेलं नाही. गव्हाच्या पिठात आणि बेसनात हे फार होतं.
- गोळा हाताला आणि लाटण्याला चिकटतो, तुकडे तेलात फुटतात, तेलावर फेस येतो, तळाशी भुगा बसतो: बेसनाचा वाटा जास्त झाला आहे, किंवा मोहन जास्त झालं आहे.
- तोंडात घातल्यावर विरघळण्याऐवजी टाळूला चिकटते आणि कच्ची डाळ लागते: बेसन आतून शिजलेलं नाही.

आता तपासणी. सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची आधी.

१. वजन खरंच तेवढंच होतं का?

"वजनाने बदललं" असं म्हणताना बऱ्याचदा वाटीने बदललेलं असतं. मैदा वाटीत सैल भरला की दाबून, यानेच वजनात पाचव्या हिश्शापर्यंत फरक पडतो. बेसन त्याहून हलकं असतं, चाळलेलं असेल तर आणखी फुलतं. म्हणजे पाच वाट्या मैद्याच्या जागी पाच वाट्या बेसन घातलं की पीठ कमी पडतं आणि तूप, साखर, दूध तेवढंच राहतं. गोळा ओशट होतो आणि दोष बेसनावर जातो.

काट्यावर भांडं ठेवून शून्य करा आणि प्रत्येक पीठ वेगळं मोजा. काटा खरा आहे का हे पाहायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवा. ७७ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवीत. दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे चालतं. दहा ग्रॅमचा फरक दिसला तर सेल बदलून परत पाहा.

गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळणार असाल तर चाळल्यानंतर मोजा. अर्धा किलो मोजून मग चाळलं, तर वर राहिलेला कोंडा वजनातून जातो आणि उरलेल्या पिठाला तूप जास्त होतं. एक गोष्ट ध्यानात असू द्या: घरी चाळलेलं गव्हाचं पीठ म्हणजे मैदा नव्हे. मोठा कोंडा निघतो, पण बारीक दळलेला कोंडा आणि अंकुराचा भाग पिठातच राहतो. ते मैद्यापेक्षा जास्तच दूध ओढतं.

२. डब्यात आहे ते पीठ कोणतं?

आपल्याकडे यात फसायला दोन खास जागा आहेत.

पहिली भाषेची. कन्नड दुकानात बेसन म्हणजे 'कडले हिट्टू'. पण फुटाण्याच्या डाळीला, जिला कोणी डाळवं म्हणतं, तिकडे 'पुटाणी' म्हणतात आणि तिचं पीठ चकलीसाठी सर्रास मिळतं. "डाळीचं पीठ द्या" असं सांगितलं की दोन्हींपैकी काहीही हातात पडू शकतं. पुटाणीचं पीठ भाजलेल्या डाळीचं, कोरडं. ते दूध चटकन पितं आणि बांधून ठेवत नाही. कच्च्या हरभरा डाळीचं बेसन उलट वागतं, थोड्या दुधातच चिकट होतं. ओळखायचं सोपं आहे: चिमूटभर जिभेवर ठेवा. पुटाणीला भाजका, गोडसर वास असतो. कच्चं बेसन हिरवट, कडवट लागतं.

दुसरी जागा गिरणीची. आपल्या भागात ज्वारी घरोघरी खाल्ली जाते, त्यामुळे गिरणीत तुमच्या गव्हाच्या आधी ज्वारी दळलेली असण्याची शक्यता मोठी. जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्या पहिल्या काही ओंजळींत येतं. ज्वारीला चिवटपणा नसतो, म्हणून त्या पिठाची पोळी कडेने चिरते. भाकरी-चपातीत हे कळत नाही, शंकरपाळीत कळतं. फराळासाठी दळताना गव्हानंतर गहू लागेल अशी वेळ साधा, किंवा डब्याच्या तळाचं म्हणजे पहिल्यांदा पडलेलं पीठ फराळाला घेऊ नका.

खपली गव्हाचं पीठ असेल तर तेही आधी माहीत हवं. खीर-हुग्गीसाठी घरात आणलेल्या खपलीचं पीठ कधीकधी याच डब्यात गेलेलं असतं. तिचा चिवटपणा साध्या गव्हापेक्षा दुबळा असतो. शंकरपाळी त्याने वाईट होत नाही, उलट छान खुसखुशीत होते, पण पातळ लाटली तर कडा तुटतात. खपलीची पोळी जाड, ६ ते ७ मिलिमीटर ठेवा.

३. दूध आणि मुरण्याचा वेळ

खर्च नाही, फक्त अर्धा तास जास्त लागतो, आणि सगळ्यात जास्त घाणे यानेच सुधारतात.

मैद्यात कोंडा नसतो, त्यामुळे घातलेलं दूध त्याला लगेच लागतं. गव्हाच्या पिठात कोंडा असतो आणि तो दूध सावकाश ओढतो. शिवाय गिरणीच्या दगडाखाली स्टार्चचे काही कण फुटतात, आणि फुटलेले कण आख्ख्या कणांपेक्षा जास्त पाणी शोषतात. म्हणून ५०० ग्रॅम मैद्याला १२५ मिली दूध लागत असेल, तर तेवढ्याच गव्हाच्या पिठाला साधारण १५० ते १६० मिली लागतं. निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ असेल तर १४० धरा.

चूक अशी होते: १२५ मिलीने गोळा कोरडा दिसतो, म्हणून मैद्यासारखा मऊ होईपर्यंत दूध ओतत राहतात. वीस मिनिटांनी दूध सगळीकडे पोचतं आणि गोळा नको तेवढा सैल झालेला असतो. मग त्यात वरून कोरडं पीठ घालतात, आणि त्या पिठाला ना तूप लागलेलं, ना साखर. तोच भाग तळल्यावर दगडासारखा लागतो.

बरोबर पद्धत अशी. आधी १४५ मिली दुधाने गोळा एकत्र करा. तो खडबडीत दिसेल, दिसू द्या. ओल्या फडक्याखाली ३० ते ४० मिनिटं ठेवा आणि मग बोटाने दाबून पाहा. खळगा राहिला आणि कडा फुटल्या नाहीत तर तेवढं पुरे. कडा फुटल्या तर एकेक चमचा दूध शिंपडून हलक्या हाताने एकत्र करा.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, डब्यातलं पीठच दमट असतं. तेव्हा दहा मिली कमीनेच सुरुवात करा. पीठ मुठीत दाबल्यावर मुटका घट्ट राहत असेल तर ते दमट आहे.

४. बेसनाचा वाटा किती?

गव्हाच्या पिठात आणि मैद्यात पाणी पडून मळलं की प्रथिनांचं जाळं तयार होतं, त्यालाच आपण चिवटपणा म्हणतो. तेलात तुकडा एकसंध राहतो तो या जाळ्यामुळे. बेसनात प्रथिनं गव्हापेक्षा बरीच जास्त असतात, पण ती असं जाळं करत नाहीत. ती दुधात विरघळून चिकट लगदा करतात. म्हणूनच बेसनाला दूध कमी लागतं, तो लगदा बांधल्यासारखा वाटतो, आणि साखर-तुपासह गरम तेलात गेला की सुटतो. शेव फुटत नाही आणि शंकरपाळी फुटते याचं कारणही हेच: शेवेत साखर नसते आणि मोहन खूप कमी असतं.

५०० ग्रॅम पिठात बेसन १०० ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाचव्या हिश्शापर्यंत, बिनधास्त चालतं. शंकरपाळी जास्त ठिसूळ होते, रंग लवकर धरतो, चव खमंग लागते. १२५ ग्रॅमपर्यंत सांभाळून जमतं. तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेलात की फुटण्याची तयारी ठेवावी. संपूर्ण ५०० ग्रॅम बेसन घातलं तर ती शंकरपाळी होत नाही. कितीही दुरुस्ती केली तरी होणार नाही.

१०० ग्रॅम बेसनासाठी दूध दहा मिलीने आणि तूप दहा ते पंधरा ग्रॅमने कमी करा. ठिसूळपणा बेसनच देतं, वर तेवढंच तूप घातलं की भुगा होतो.

कच्ची चव जावी म्हणून बेसन आधी मंद आचेवर सहा-सात मिनिटं कोरडं भाजता येतं. वास सुटला की उतरवा आणि पूर्ण गार करून चाळा. पण भाजल्याने त्याचा उरलासुरला चिकटपणाही जातो. भाजलेलं बेसन वापरणार असाल तर पाचव्या हिश्शाच्या पुढे अजिबात जाऊ नका.

एक बिघडलेला घाणा, आकड्यांसह

मैदा पूर्ण काढून ३०० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि २०० ग्रॅम बेसन घेतलं. तूप, साखर, दूध प्रत्येकी सव्वाशेच ठेवलं. गोळा पहिल्यांदा हाताला चिकटला, अर्ध्या तासाने कडक झाला, कातण्याने कापताना कडा चुरल्या, आणि कढईत पहिलेच तुकडे फुटून फेस वर आला.

आता एकेक पाहू. वजन बरोबर आहे. गोळा सुरुवातीला चिकटला तो बेसनाने आणि नंतर कडक झाला तो कोंड्याने दूध ओढल्यामुळे. पण फुटण्याचं कारण दूध नाही. बेसन ५०० पैकी २०० आहे, म्हणजे दोन पंचमांश, दुप्पट. अशा गोळ्यात दूध वाढवलं तर तो जास्तच फुटेल, आणि नुसतं पीठ वाढवलं तर कडक होईल.

वाचवायचा मार्ग असा: तेवढाच दुसरा गोळा बेसनाशिवाय करा. ५०० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम तूप, १२५ ग्रॅम साखर, १३० मिली दूध. मैदा नकोच असेल तर ५०० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि १६० मिली दूध. दुसऱ्या गोळ्यात तूप मुद्दाम कमी आहे, कारण पहिल्यात बेसनाच्या मानाने ते आधीच जास्त पडलं आहे. हा गोळा मैद्याचा असेल तर १५ मिनिटं आणि गव्हाचा असेल तर ३० मिनिटं मुरवा. मग दोन्ही गोळे चपटे करून एकावर एक ठेवा, दाबा, निम्म्यात कापून पुन्हा एकावर एक ठेवा. असं चार-पाच वेळा केलं की रंग एक होतो. खसाखसा मळू नका. आता एकूण १००० ग्रॅम पिठात बेसन २०० ग्रॅम, म्हणजे बरोबर पाचवा हिस्सा.

कढईत आधी एकच तुकडा टाका. तो अख्खा राहिला की मग चार टाका, आणि तेही राहिले की पूर्ण घाणा. ही चाचणी पीठ बदललेल्या प्रत्येक वेळी करावी. एका तुकड्याने अर्ध्या किलोचं सामान वाचतं.

५. मळणं आणि मोहन

चपातीचा हात शंकरपाळीला लावला की वातडपणा येतो. गव्हाच्या पिठात हे मैद्याइतकंच खरं आहे. कोंडा चिवटपणाचे धागे कापतो हे खरं, पण १६० मिली दूध आणि दहा मिनिटांचं मळणं मिळालं की उरलेले धागे पुरेसे ताणले जातात. पोळी लाटल्यावर मागे आखडत असेल तर आणखी मळू नका, २० मिनिटं झाकून ठेवा.

गव्हाच्या पिठाला तूप १२५ वरून १३५ ते १४० ग्रॅम केलं तर पोत सुधारतो. अशा वेळी तूप दुधात मिसळण्याआधी त्यातलं निम्मं कोरड्या पिठाला चोळून घ्या. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका जेमतेम राहावा. पिठाच्या कणांवर तूप बसलं की दूध हळू शिरतं आणि चिवटपणा कमी होतो. बेसन घातलेल्या गोळ्यात मात्र हे करू नका. तिथे चिवटपणा आधीच कमी आहे.

६. तेल, आणि रंगाचा धोका

मैद्याची शंकरपाळी रंगावरून ओळखायची सवय असते. पीठ बदललं की ती सवय फसवते. गव्हाच्या पिठाला कोंड्याचा रंग मुळातच असतो, आणि बेसनातली प्रथिनं साखरेबरोबर तापली की लवकर तांबूस होतात. दोन्हीत बाहेरून "झाली" दिसते तेव्हा आत पाणी असतं. तीच दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. गव्हाच्या पिठात दूधही जास्त घातलेलं असतं, म्हणजे बाहेर काढायचं पाणी मैद्यापेक्षा जास्त.

तेल १५० ते १६० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर तुकडा टाका. तो तळाशी जाऊन सात-आठ सेकंदांत सावकाश वर यावा. टाकताच उसळला तर तेल जास्त तापलं आहे. गॅस मंद ठेवा आणि रंगाऐवजी बुडबुडे पाहा. बुडबुडे म्हणजे तुकड्यातून बाहेर पडणारं पाणी. ते बारीक आणि विरळ झाले की मगच झारा घाला. काढलेला एक तुकडा पाच मिनिटं गार होऊ द्या आणि मोडा. मध्ये गडद, ओलसर रेघ दिसली तर आणखी तळायला हवं.

दुसऱ्या दिवशी मऊ पडलेली शंकरपाळी टाकायची गरज नाही. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, १५ ते २० मिनिटं कोरडी करा आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा लावा. वातड झालेली मात्र याने सुधारत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

फेस कढईच्या काठापर्यंत चढू लागला तर लगेच गॅस बंद करा, कढई हलवू नका आणि पाणी अजिबात टाकू नका. तो गोळा त्या दिवशी परत तळू नका. सुटलेल्या भुग्याने तेल पुन्हा फेसाळतं. तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्या, मग दुरुस्त केलेल्या गोळ्याचा एक तुकडा टाकून बघा.

वजन, दूध, मुरणं, बेसनाचा वाटा आणि आच हे सगळं बरोबर असूनही लागोपाठ दोन घाणे बिघडले, तर दोष पिठात आहे. पिठाचा नमुना आणि थोडा गहू घेऊन गिरणीवाल्याकडे जा. पीठ चिमटीत रव्यासारखं लागत असेल तर दगडाला टाकी घालायची वेळ झाली असेल, किंवा दगडांतलं अंतर वाढलेलं असेल. दळताना पीठ हाताला चटका देण्याइतकं गरम पडत असेल तेही सांगा. हे घरी दुरुस्त होत नाही. बेसनाला खवट वास असेल तर मात्र कुणाला विचारायची गरज नाही, ते टाकून द्या. भाजूनही खवटपणा जात नाही.

पाच-दहा किलोची ऑर्डर असेल आणि पीठ पहिल्यांदाच बदलत असाल, तर आधी फराळाच्या आचाऱ्याकडून किंवा बेकरीवाल्याकडून एका किलोचा घाणा समोर करून घ्या. मोठ्या कढईत तेलाची आच आणि घाण्याचा आकार दोन्ही बदलतात. अर्ध्या किलोचं माप नुसतं वीसपट करून तिथे चालत नाही.

घरात कुणाला गव्हाने त्रास होतो म्हणून पीठ बदलत असाल, तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना विचारा. मैदाही गव्हाचाच, खपलीही गहूच, आणि गिरणीत दळून आणलेल्या बेसनातही जात्यातलं गव्हाचं पीठ येतं. वर दिलेल्या एकाही मापात गहू पूर्ण गेलेला नाही.